गेटवरचा फळा आणि वेबसाइटवरची पीडीएफ: व्हिसलब्लोअर धोरण मराठीत आणताना

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या जुन्या कारखान्याच्या गेटपाशी थांबलात, तर आत वळतानाच एक फळा दिसतो. काचेच्या आड किंवा नुसत्याच खिळ्यांवर लावलेले कागद असतात. कारखाने कायद्याचा गोषवारा, कामाच्या वेळा, सुट्ट्यांची यादी, किमान वेतनाचे दर. यातलं बरंच काही मराठीत असतं. शाई उडालेली असेल, भाषा जडशीळ असेल, पण मराठी असतं.

आता शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या कंपनीची वेबसाइट उघडा. 'गुंतवणूकदारांसाठी' या विभागात खाली खाली गेलात की एक पीडीएफ सापडते. 'व्हिसलब्लोअर पॉलिसी' किंवा 'व्हिजिल मेकॅनिझम'. कंपनीत कुणी पैसे खात असेल, नोंदी खोट्या भरत असेल, सुरक्षिततेचे नियम डावलत असेल, तर कुणाला सांगायचं आणि सांगणाऱ्याला त्रास झाला तर त्याचं रक्षण कोण करणार, हे त्यात लिहिलेलं असतं. इंग्रजीत.

कामगाराच्या दृष्टीनं दोन्ही कागद त्याच्या हक्कांचेच. मग एक मराठीत गेटवर आणि दुसरा इंग्रजीत वेबसाइटवर, असं का? याचं उत्तर भाषांतरकाराच्या आळसात सापडत नाही. ते इतिहासात सापडतं. या लेखात तो इतिहास मांडतो, आणि त्यातून अशा धोरणाचं मराठी करताना नेमकं काय अडतं ते एका नमुना कलमावर दाखवतो. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना यात एक पद्धतही सापडेल. माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं, त्यामुळे भाषांतराकडेही मी थोडंफार मोजमापाच्या उपकरणासारखं बघतो.

फळा मराठीत कसा आला

सुरुवात मुंबईच्या कापड गिरण्यांपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीतले नियम म्हणजे मालक म्हणेल ते. उशिरा आलात तर दंड, कापड बिघडलं तर दंड, आणि कामावर घेणं-काढणं जॉबरच्या हातात. जॉबर म्हणजे मुकादमच. काम मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी त्याला 'दस्तुरी' द्यावी लागे. ही दस्तुरी सगळ्यांना माहीत होती. पण तिच्याविरुद्ध तक्रार करायची कुणाकडे? तक्रार ऐकणारा जॉबर आणि जिच्याबद्दल तक्रार तीही जॉबरचीच, अशी ती सोय.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि फॅक्टरी कमिशनपुढे एक निवेदन ठेवलं. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार ठरल्या वेळेत, कामावर जखमी झालेल्याला भरपाई अशा त्यातल्या मागण्या. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. हा आकडा आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. एकट्याने बोलणाऱ्याला त्या काळी कोणतंच संरक्षण नव्हतं, त्यामुळे गर्दी हेच संरक्षण. साडेपाच हजारांना एकदम कामावरून काढता येत नाही. लोखंडे 'दीनबंधु' हे मराठी पत्र चालवत होते, आणि गिरणीतली गाऱ्हाणी बाहेर सांगायची मराठीतली ती एक वाट होती.

पुढची पायरी नियम कागदावर येण्याची. १९२८ च्या मुंबईतल्या मोठ्या संपात गिरणीमालकांचे 'स्थायी आदेश', म्हणजे कामाच्या शर्तींची छापील नियमावली, हा वादाचा एक मुद्दा होता. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे त्या नियमांची तपशिलात चर्चा झाली. १९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने स्थायी आदेशांना कायद्याचा आधार दिला, आणि १९४६ मध्ये औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा देशभरासाठी आला.

या १९४६ च्या कायद्यातल्या दोन गोष्टी बघा. पहिली त्याच्या नवव्या कलमात आहे. प्रमाणित झालेले स्थायी आदेश इंग्रजीत *आणि* बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, ज्या दारातून बहुतेक कामगार आत येतात त्या दाराजवळच्या खास फळ्यावर, आणि कामगार काम करतात त्या प्रत्येक विभागात ठळकपणे लावले पाहिजेत, असं ते कलम सांगतं. भाषा, जागा आणि वाचक या तिन्ही गोष्टी कायद्यानेच ठरवून टाकल्या. दोन वर्षांनी आलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही सूचनाफलकांबद्दल असंच कलम होतं. गेटवरच्या मराठी फळ्याचा उगम हा आहे.

दुसरी गोष्ट कायद्याच्या अनुसूचीत दडलेली आहे. स्थायी आदेशांत कोणकोणते विषय असलेच पाहिजेत, त्याची यादी तिथे आहे. त्यातला एक विषय असा: मालक किंवा त्याच्या हाताखालच्या माणसांकडून होणारी अन्यायाची वागणूक आणि गैर वसुली यांविरुद्ध दाद मागण्याची सोय. 'गैर वसुली' म्हणजे काय हे दस्तुरी देणाऱ्या कामगाराला समजावून सांगावं लागलं नसतं. आदर्श स्थायी आदेशांत या सोयीचं रूपही दिलं आहे: तक्रार व्यवस्थापकाकडे किंवा नेमून दिलेल्या माणसाकडे करायची, आणि तिथे समाधान झालं नाही तर मालकाकडे अपील.

म्हणजे तक्रारीचा मार्ग लिहिलेला होता, मराठीत होता, गेटवर होता. नव्हतं ते एकच. तक्रार केली म्हणून त्रास दिला जाणार नाही, अशी हमी.

दुसरी वाट, दुसऱ्या दारातून

ती हमी भारतात आली जवळजवळ सहा दशकांनी, आणि अगदी वेगळ्या दिशेने. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात काम करणारे अभियंता. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. पत्राला वजन यावं म्हणून आपली ओळख दिली आणि ती गुप्त ठेवावी अशी विनंतीही केली. पत्र ओळखीसकट सरकारी टेबलांवरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया इथे त्यांची हत्या झाली. देशभर संताप उसळला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने लोकहितासाठी केलेल्या प्रकटनाबद्दलचा ठराव काढला. त्यानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार करता येते. २०१४ मध्ये याच विषयावर संसदेने कायदाही केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो लागू करणारी अधिसूचना काही निघाली नाही. आणि हे सगळं सरकारी कारभारापुरतं.

खासगी कंपन्यांची वाट भांडवल बाजारातून आली. २००३ मध्ये नारायण मूर्ती समितीने कंपन्यांमध्ये अशी यंत्रणा असावी अशी शिफारस केली. २००४ च्या सुधारित नियमांत ती ऐच्छिक ठेवली गेली. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ ने ती बंधनकारक केली: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या, आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांपेक्षा जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्या यांच्यासाठी. या यंत्रणेचा वापर करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठी पुरेशी तरतूद हवी, आणि योग्य किंवा अपवादात्मक प्रसंगी ऑडिट कमिटीच्या अध्यक्षापर्यंत थेट जाता आलं पाहिजे, असं कलम सांगतं.

आता मूळ प्रश्नाकडे या. ही यंत्रणा जाहीर कुठे करायची? त्याच कलमात उत्तर आहे: कंपनीची वेबसाइट असेल तर तिथे, आणि संचालक मंडळाच्या अहवालात. भाषेबद्दल एक शब्द नाही. गेटबद्दल नाही. १९४६ च्या कायद्याच्या डोळ्यासमोर गेटमधून आत येणारा कामगार होता. २०१३ च्या कायद्याच्या डोळ्यासमोर अहवाल वाचणारा भागधारक आहे. पीडीएफ इंग्रजीत का आणि वेबसाइटवर का, याचा उलगडा इथे होतो.

हडपसरसारख्या ठिकाणी हा फरक फार जाणवतो. इथे एकाच परिसरात यंत्रं बनवणारे कारखाने आहेत, १९६६ पासून लशी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट आहे, आणि मगरपट्टा-फुरसुंगी भागातल्या आयटी कंपन्या आहेत. संगणकासमोर बसणाऱ्याला ती पीडीएफ दोन क्लिकवर असते. पॅकिंग लाइनवर उभं राहणारा, लातूर-बीडकडून आलेला किंवा बिहारहून आलेला माणूस त्या वेबसाइटवर जाण्याची शक्यता जवळजवळ शून्य. आणि गंमत अशी की खोटी नोंद, तापमानाचा भरलेला-न भरलेला रकाना, भंगाराच्या वजनातला घोळ हे सगळ्यात आधी दिसतं ते याच माणसाला.

आधी नाव: जागल्या की आणखी काही?

मराठी करायला बसलं की पहिला अडथळा शीर्षकातच येतो. 'आचारसंहिता' हा शब्द मराठी माणसाच्या कानात निवडणुकीसाठी राखीव झालाय. 'कंपनीत आचारसंहिता लागू' असं वाचून कुणी 'मतदान कधी?' विचारलं तर त्याची चूक नाही. त्यामुळे 'कामावरच्या वागणुकीचे नियम' असं लिहून कंसात आचारसंहिता हा शब्द दिलेला बरा.

'व्हिसलब्लोअर'साठी मराठी वर्तमानपत्रांनी 'जागल्या' हा शब्द रुळवला आहे. शब्द सुंदर आहे आणि इथल्या मातीतला आहे. मोल्सवर्थच्या कोशात जागल्या म्हणजे गावाचा पहारेकरी. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या या राखणदाराचं वर्णन येतं. चोरी झाली तर चोर शोधायची जबाबदारी त्याची. माग काढत दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेला की जबाबदारी त्या गावावर. माग लागला नाही तर भरपाई त्याच्याच गळ्यात.

म्हणजे जुना जागल्या नेमलेला होता. राखण हे त्याचं परंपरेनं आलेलं, जातीला चिकटलेलं काम होतं. चोर बाहेरून यायचा. आणि माग काढून चोर सिद्ध करणं हा त्याच्या कामाचाच भाग होता, नाही जमलं तर शिक्षा. आजच्या धोरणातला माणूस याच्या जवळजवळ उलट: त्याला कुणी नेमलेलं नाही, गैरप्रकार आतला आहे, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. वर्तमानपत्रातल्या मथळ्यात 'जागल्या' शोभतो, कारण तिथे गौरव करायचा असतो. धोरणात तो शब्द वाचून 'हे आपलं काम नव्हे, हे सिक्युरिटीचं' असं वाटायला जागा राहते.

दुसऱ्या टोकाला 'खबऱ्या' आणि 'चुगलखोर' आहेत. त्यांच्याबद्दल काही सांगायलाच नको. मला सगळ्यात स्वच्छ वाटतो तो पर्याय साधा आहे: माणसाला पदवी द्यायचीच नाही. 'माहिती देणारी व्यक्ती' म्हणायचं आणि धोरणाला 'गैरप्रकाराची माहिती देण्याची सोय व माहिती देणाऱ्याचं संरक्षण' असं लांब पण उघड नाव द्यायचं. 'व्हिसलब्लोअर पॉलिसी' हे मूळ नाव देवनागरीत खाली ठेवावं, कारण एचआरकडे विचारायला गेलेल्याला तोच शब्द वापरावा लागणार आहे.

एक कलम, दोन मराठी

आता प्रत्यक्ष काम बघू. अशा धोरणांत सहसा असणाऱ्या तरतुदी एकत्र करून मी एक नमुना कलम तयार केलं आहे. हे कोणत्याही एका कंपनीचं नाही. त्याचं नेहमीच्या पद्धतीचं मराठी साधारण असं होतं:

> सद्भावनेने संरक्षित प्रकटन करणाऱ्या कर्मचाऱ्याचे बळीकरण होणार नाही याची दक्षता घेण्यात येईल. प्रकटनकर्त्याची ओळख शक्य तितकी गोपनीय राखण्यात येईल. अपवादात्मक प्रकरणी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांशी थेट संपर्क साधता येईल. खोट्या तक्रारी करणाऱ्यांवर योग्य ती कारवाई करण्यात येईल.

व्याकरणात दोष नाही. शब्दकोशही साथ देईल. तरी यात चार ठिकाणी गडबड आहे, आणि प्रत्येक ठिकाणी वाचणाऱ्याची नोकरी अडकलेली आहे.

पहिलं, 'सद्भावनेने'. हा शब्द मनातल्या हेतूबद्दल बोलतो. समजा सुपरवायझरने एका ऑपरेटरची रजा नाकारली, तो चिडलेला आहे, आणि त्याच रागात तो सुपरवायझरच्या खोट्या नोंदींबद्दल खरी माहिती देतो. सद्भावना आहे का? तो स्वतःच म्हणेल, नाही बुवा, मला राग होता. मग आपल्याला संरक्षण नाही असं समजून तो गप्प बसेल. ब्रिटनमध्ये नेमक्या याच अडचणीमुळे २०१३ मध्ये कायदा बदलला. संरक्षण मिळण्यासाठी सद्भावनेची अट काढली, आणि हेतूचा विचार फक्त भरपाईची रक्कम ठरवताना करायचा असं ठरलं. आपल्याकडच्या अनेक धोरणांत मात्र 'सद्भावना' आणि 'वाजवी कारणावरून वाटणं' हे दोन्ही शेजारी शेजारी असतात. भाषांतरकाराने मुळात काय आहे ते नीट बघावं. मूळ मजकूर सद्भावनेची व्याख्या 'माहिती खरी असल्याचं मानायला वाजवी कारण असणं' अशी करत असेल, तर मराठीतही व्याख्याच लिहावी, नुसता शब्द नको.

दुसरं, 'गोपनीय'. कारखान्यात विचारा, बहुतेक जण याचा अर्थ 'नाव द्यायची गरज नाही' असा सांगतील. गोपनीय आणि निनावी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोपनीय म्हणजे नाव द्यायचं, पण ते ठरावीक लोकांनाच कळेल. निनावी म्हणजे नावच द्यायचं नाही. २००४ च्या ठरावात हा फरक अगदी लख्ख आहे. पाकिटावर नाव लिहायचं नाही, आतल्या पत्रात लिहायचं. आयोग तक्रारदाराची ओळख सांभाळतो, पण निनावी पत्राची दखल घेत नाही. खासगी कंपन्यांत काही धोरणं निनावी तक्रार घेतात, काही घेत नाहीत. त्यामुळे मराठीत दोन वेगळी वाक्यं हवीत: 'नाव न देता माहिती देता येते / येत नाही' आणि 'नाव दिलंत तर ते अमुक लोकांनाच कळेल'. 'शक्य तितकी' हे दोन शब्दही गाळायचे नाहीत. ते तिथे कायद्याने माहिती मागितली तर द्यावी लागते म्हणून असतात. ते गाळले तर कंपनीने न दिलेलं वचन आपण देऊन बसतो.

तिसरं, 'बळीकरण'. हा शब्द मराठीत कुणी बोलत नाही. 'छळ' म्हटलं की मारहाण किंवा शिवीगाळ डोळ्यापुढे येते. प्रत्यक्षात बदला घेतला जातो तो फार शांतपणे: रात्रपाळीच रात्रपाळी लावणं, ओव्हरटाइम बंद करणं, दुसऱ्या विभागात पाठवणं, पगारवाढ रोखणं. अनेक धोरणांत मुळातच अशी यादी असते. तिथे ती कारखान्याच्या शब्दांत उतरवायची. मुळात यादी नसेल तर भाषांतरकाराने स्वतःच्या मनाने ती घालू नये. 'तक्रार केली म्हणून त्रास देणं किंवा नुकसान करणं' इथवर थांबावं, आणि धोरण लिहिणाऱ्यांना विचारावं की उदाहरणं देता येतील का.

चौथी गडबड सगळ्यात मोठी आहे: 'खोट्या तक्रारी'. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांत शब्द आहेत 'वारंवार' केलेल्या 'निरर्थक' तक्रारी, आणि त्यावरची कारवाई म्हणजे समज देण्यासह योग्य ती पावलं. मराठीत 'वारंवार' गळलं आणि 'निरर्थक'चं 'खोट्या' झालं, की अर्थ असा होतो: एकदा तक्रार केली आणि ती सिद्ध झाली नाही तर कारवाई. कारण कामगाराच्या बोलीत सिद्ध न झालेली तक्रार खोटीच ठरते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात हा धोका ओळखून वेगळं वाक्यच घातलं आहे: केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करण्याची गरज नाही. व्हिसलब्लोअर धोरणात असं वाक्य असेल तर मराठीत ते ठळक हवं.

याशिवाय दोन बारीक गोष्टी. 'लेखापरीक्षण समिती' वाचून कामगाराला वाटतं की हे अकाउंट्स खातं. 'कंपनीच्या संचालकांची ऑडिट कमिटी' असं लिहिलं की ती व्यवस्थापनाच्या वरची आहे हे कळतं. आणि 'कर्मचारी' म्हणजे कोण? कलम १७७ संचालक आणि कर्मचारी यांच्याबद्दल बोलतं. कंत्राटी कामगाराचा मालक कागदोपत्री ठेकेदार असतो. काही कंपन्या धोरणाची व्याप्ती वाढवून ठेकेदार आणि पुरवठादारांच्या माणसांनाही घेतात, काही घेत नाहीत. मराठीत सरसकट 'कामगार' लिहिलं तर कंत्राटी माणसाला वाटेल मीही त्यात आलो. तो बोलेल, आणि संरक्षण नसेल. इथे चुकीचं भाषांतर न करण्यापेक्षाही वाईट ठरतं.

या सगळ्यानंतर तेच कलम असं होऊ शकतं. मूळ धोरणात या गोष्टी आहेत असं धरून:

> गैरप्रकार होतो आहे असं तुम्हाला वाटत असेल आणि तसं वाटायला योग्य कारण असेल, तर तुम्ही माहिती देऊ शकता. माहिती दिली म्हणून तुम्हाला त्रास देणं किंवा तुमचं नुकसान करणं याला या धोरणात मनाई आहे. तुमचं नाव फक्त चौकशी करणाऱ्यांना कळेल. कायद्याने नाव सांगणं भाग पडलं, तरच ते इतरांना सांगितलं जाईल. प्रकरण अपवादात्मक असेल, उदाहरणार्थ तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध असेल, तर संचालकांच्या ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांना थेट कळवता येतं. चौकशीत माहिती सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून तुमच्यावर कारवाई होणार नाही. कुणी पुन्हा पुन्हा बिनबुडाच्या तक्रारी केल्या, तर त्याला समज देण्यासारखी कारवाई होऊ शकते.

मजकूर वाढला. पण आता त्यात कोण, कुणाला, काय मिळेल आणि कधी मिळणार नाही, हे चारही दिसतं. 'होईल' आणि 'होऊ शकते' यांतला फरकही जपला आहे. मुळात जिथे बंधन आहे तिथे बंधन, जिथे मुभा आहे तिथे मुभा.

बरोबर झालं हे कसं कळणार?

भाषांतर तपासायची रूढ पद्धत म्हणजे उलट भाषांतर. मराठी मजकूर दुसऱ्या माणसाला द्यायचा, त्याने तो परत इंग्रजीत न्यायचा, आणि मुळाशी ताडून बघायचं. आपल्या पहिल्या मसुद्यावर हे करून बघा. 'वारंवार' गळल्याचं लगेच सापडेल. 'खोट्या'ही बहुधा सापडेल. पण 'बळीकरण' आणि 'गोपनीय' आरामात पास होतील. कारण उलट भाषांतर करणारा दोन्ही भाषा जाणतो. 'बळीकरण' दिसलं की त्याच्या डोक्यात मूळ इंग्रजी शब्द आपोआप येतो. म्हणजे ही चाचणी दोन मजकूर जुळतात का हे मोजते, वाचणाऱ्याला कळतं का हे मोजत नाही. प्रयोगशाळेच्या भाषेत, उपकरण नीट चालतंय पण मोजतंय दुसरंच.

दुसरी चाचणी त्यासाठी हवी. मजकूर ज्यांच्यासाठी आहे अशा काही जणांना तो वाचायला द्यायचा, किंवा वाचून दाखवायचा, आणि प्रसंग घालून प्रश्न विचारायचे. 'समजलं का?' असं विचारू नये. त्याला सगळे 'हो' म्हणतात. असे प्रश्न विचारावेत: तुमचा सुपरवायझरच गडबड करत असेल तर तुम्ही कुणाला सांगाल? नाव न देता सांगता येईल का? चौकशीत काहीच सापडलं नाही तर तुमचं काय होईल? ठेकेदाराकडचा माणूस सांगू शकतो का? चार जणांनी एकाच प्रश्नाची चार उत्तरं दिली तर दोष वाचणाऱ्यांचा नाही, वाक्याचा आहे. आणि एक काळजी घ्या: हे प्रश्न विचारताना सुपरवायझर शेजारी नको, नावं लिहून घ्यायची नाहीत, आणि प्रसंग काल्पनिकच ठेवायचे. नाहीतर चाचणीच कुणाची तरी तक्रार उघडी पाडेल.

या चाचणीत एक तिसऱ्या प्रकारचा निकालही येतो. कधी कधी उत्तरं वेगवेगळी येतात कारण मूळ इंग्रजीच मोघम असतं. 'अपवादात्मक प्रकरण' म्हणजे कोणतं, हे मुळात कुठेच सांगितलेलं नसतं. इंग्रजी वाचणारा ते वाक्य सवयीने पुढे ढकलतो. मराठी करताना ते अडतं. अशी जागा भाषांतरकाराने गुपचूप गुळगुळीत करू नये. खूण करून धोरण लिहिणाऱ्यांकडे परत पाठवावी. माझ्या वर दिलेल्या मसुद्यातलं 'उदाहरणार्थ तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध असेल' हे त्याच जातीचं आहे. मुळात ते नसेल, तर कंपनीने मान्य केल्याशिवाय ते छापता येणार नाही.

भाषांतराच्या हद्दीबाहेरचं

शेवटी एक कलम, जे बऱ्याच दुभाषी धोरणांच्या तळाशी असतं: दोन मजकुरांत फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. कायद्याच्या दृष्टीने याचं कारण समजण्यासारखं आहे, कुठला तरी एक मजकूर अंतिम हवाच. पण परिणाम बघा. मराठी वाचून बोललेल्या माणसाचा निवाडा, त्याने न वाचलेल्या मजकुरावर होणार. हे कलम काढणं भाषांतरकाराच्या हातात नसतं. ते पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात आणि सोप्या मराठीत यावं यासाठी आग्रह धरणं मात्र त्याच्या हातात असतं. त्यासोबत 'शंका असेल तर या माणसाला मराठीत विचारा' अशी एक ओळ असली, तर निदान वाट बंद होत नाही.

आणि 'बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा' या १९४६ च्या निकषालाही मर्यादा आहे. पाळीवरचे साठ टक्के मराठी असतील तर उरलेल्या चाळीस टक्क्यांचं काय, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं. तो कायदा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये सामावला गेला आहे. हडपसरच्या एखाद्या लाइनवर आज हिंदीचा मजकूरही लागेल, कदाचित ध्वनिमुद्रणही.

यावर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी मोकळी असलेली जागा मला इथे दिसते. नोंदलेल्या कंपन्यांची धोरणं वेबसाइटवर सगळ्यांना उघडी आहेत. कायद्यानेच ती तिथे ठेवायला लावली आहेत. पुणे परिसरातल्या वीसेक कंपन्यांची धोरणं घ्या आणि प्रत्येकीत पाचच गोष्टी नोंदवा: मराठी किंवा हिंदी मजकूर आहे का, कंत्राटी कामगार त्यात येतात का, निनावी तक्रार चालते का, बदल्याच्या कृतींची यादी दिली आहे का, आणि कोणता मजकूर अंतिम आहे. कुणाची मुलाखत लागत नाही, परवानगी लागत नाही, आणि एका सत्रात हा तक्ता तयार होतो. तो हातात घेऊन मगच गेटवरच्या फळ्यापाशी जाऊन उभं राहावं, आणि त्यातलं काय तिथपर्यंत पोचलंय ते बघावं.